टिंबवाले अण्णा

आमच्या सोसायटीत अण्णांकडे कागद घेऊन जाणारे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिल्या प्रकारच्या माणसाला ‘वा, छान झालंय’ एवढंच ऐकायचं असतं. तो एकदाच जातो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला कागद खरोखर सुधारून हवा असतो. तोही एकदाच जातो, कारण पुढच्या वेळेपासून अण्णाच त्याच्या घरी येतात. सकाळी पावणेसातला. कानामागे पेन्सिल, हातात तुमचाच कागद, आणि तोंडी एकच प्रश्न : “हे दुसरं वाक्य तुम्ही शुद्धीत असताना लिहिलंत ना? मग ठीक आहे. मग त्याला काहीतरी अर्थ असणार. तो मला सांगा.”

अण्णांची सगळी नोकरी पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून झाली. खिळे हाताने जुळवायचे दिवस होते. गॅलीवर जुळून बसलेल्या मजकुरात मध्येच एक शब्द घुसवायचा तर त्या ओळीतला शेवटचा शब्द पुढच्या ओळीत ढकलायचा, तिथला त्याच्या पुढच्या, असे परिच्छेद संपेपर्यंत खिळे हलवत जावं लागे. म्हणून दुरुस्ती आली की कंपोझिटर आधी विचारायचा, “का?” ‘असं जास्त बरं वाटतं’ हे उत्तर त्या छापखान्यात चालत नसे. सांगणाऱ्याला कारण द्यावं लागे, आणि कारण सापडेना तर तो मुकाट्याने दुरुस्ती मागे घेई. अण्णांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटर आल्यावर दुरुस्ती फुकट झाली आणि त्यामुळे ‘का?’ विचारणारा माणूस कामावरून गेला. आता कुणीही येतो, मजकुरात हात घालतो, ढवळतो आणि हात पुसून निघून जातो.

त्यांना संपादकांबद्दल मात्र फार आदर. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन ही नावं घेताना ते पेन्सिल कानामागून काढून खिशात ठेवतात. हे लोक लेखकाची कथा स्वतः लिहीत बसत नसत, लेखकाला पत्र लिहीत, आणि कथा पुन्हा लिहायची ती लेखकानेच, एवढं सांगून अण्णा अशा नजरेने बघतात, जणू आपणच कुणाची तरी कथा चोरून लिहिताना सापडलो आहोत.

या सगळ्याचा सर्वांत जास्त त्रास काकूंना होतो. अण्णा आमटीलाही ‘छान’ म्हणत नाहीत. “पहिल्या घासाला चिंच लागते,” ते सांगतात, “गूळ येतो तो तिसऱ्या घासाला. तोवर भात संपत आलेला असतो.”

“मग काय करू? गूळ वाढवू?”

“ते तू ठरव. मला काय झालं ते मी सांगितलं. गूळ वाढवायचा, चिंच कमी करायची की भात जास्त वाढायचा, हा तुझा प्रश्न. आमटी तुझी आहे.”

काकू यावर काय बोलतात ते छापण्यासारखं नसतं. पण एक खरं, की त्या घरच्या आमटीची चव वर्षानुवर्षं काकूंचीच राहिली आहे, अण्णांची झालेली नाही. शेजारच्या घरी मात्र ‘थोडं तिखट घाल’, ‘थोडं पाणी घाल’, ‘आता जरा दाट कर’ असं ऐकत ऐकत सूनबाई परवा सांबारापर्यंत पोचली होती. तिला आमटीच करायची होती.

अण्णांची ही पद्धत अख्ख्या सोसायटीला कळली ती टाकीच्या नोटिशीमुळे.

झालं असं. पाण्याच्या टाक्या धुवायच्या होत्या. आमचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले, माणूस सरळ. त्यांनी दुधाच्या बिलामागे पहिला मसुदा लिहिला. तो असा होता :

‘येत्या रविवारी आपल्या टाक्या धुणार आहेत. खालची पण आणि वरची पण. म्हणून पाणी बंद राहील. सकाळी ९ पासून. साधारण २ पर्यंत येईल पण खालची टाकी भरण्यावर आहे. शनिवारी रात्री भरून ठेवा. पाणी आल्यावर नळ दहा मिनिटं वाहू द्यावा कारण औषध मारलेलं असतं, ते पिऊ नये. वाया नको असेल तर बादलीत धरून संडासात ओता.’

याला कुणी वाङ्मय म्हणणार नाही. पण याच्यात सगळं आहे. नको ते काही नाही आणि हवं ते सगळं. फक्त ते एका ओळीत येत नाही, धक्काबुक्की करत येतं. सचिवांना वाटलं, कमिटीतल्या चौघांना दाखवून घ्यावं. इथपर्यंतही ठीक होतं. मसुदा दाखवण्यात पाप नाही. पण त्यांनी तो एकामागून एक असा दाखवला, आणि प्रत्येकाला दाखवला तो आदल्याने सुधारलेला. दुधाचं बिल पहिल्या जिन्यावरच मागे राहिलं.

चेअरमनसाहेब म्हणाले, “भाषा जरा भारदस्त हवी.” सचिव रात्री बसले आणि त्यांनी ‘सर्व सन्माननीय सभासदांस सविनय कळविण्यात येते की’ पासून सुरुवात केली. टाक्यांचे ‘जलसाठे’ झाले, धुण्याचं ‘स्वच्छतेचे कार्य हाती घेण्यात येत’ झालं आणि पाणी येण्याचा ‘पुरवठा दुपारी २ वाजता पूर्ववत करण्यात येईल’ झाला. ‘साधारण’ हा शब्द त्या वाक्यात बसेना. ‘साधारण पूर्ववत करण्यात येईल’ म्हटलं तर निम्मंच पूर्ववत होईल असं वाटतं. म्हणून तो शब्द गेला. तो गेल्याचं सचिवांच्याही लक्षात आलं नाही. भारदस्त वाक्यांचा हा गुणच आहे. त्यांना ‘साधारण’, ‘बहुतेक’, ‘जमल्यास’ असली माणसं दारात उभी केलेली चालत नाहीत.

मग कागद खजिनदारांकडे गेला. ते म्हणाले, “एवढं कोण वाचतं? थोडक्यात करा.” आता भारदस्तपणा काढावा तर चेअरमनसाहेब नाराज होणार. तेव्हा सचिवांनी बाकीचं कापलं. ‘औषध मारलेलं असतं’ हे कारण कापलं, कारण कारण म्हणजे लांबण. बादलीचं आणि संडासाचं वाक्य तर आनंदाने कापलं. उरलं ते एवढंच : ‘पाणी सुरू झाल्यावर नळ दहा मिनिटे चालू ठेवावा.’

तिसरा मुक्काम बी विंगमधल्या बाईंकडे. त्या मराठीच्या शिक्षिका होत्या. त्यांनी ‘सुरुवात नकारात्मक वाटते’ असं सांगितलं. म्हणून सर्वांत वर ‘निरोगी जीवनाचा पाया म्हणजे शुद्ध पाणी!’ हे वाक्य आलं, आणि पाणी बंद राहणार ही बातमी चौथ्या ओळीवर घसरली.

शेवटी कागद गेला तो पर्यावरणवाल्या काकांकडे. हे गृहस्थ गळका नळ दिसला तर अनोळखी माणसाच्याही घरात शिरतात. त्यांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. “नळ दहा मिनिटे चालू ठेवावा? कशासाठी? सोसायटीने स्वतः पत्रक काढून पाणी वाया घालवायला सांगायचं?” सचिवांना तोवर स्वतःलाही आठवेना कशासाठी ते. कागदावर तर कारण नव्हतंच. काकांनी स्वतःच्या हाताने वाक्य दुरुस्त केलं. नोटीस टंकलिखित होऊन फळ्यावर लागली तेव्हा तिची शेवटची ओळ होती :

‘पाणी सुरू झाल्यावर नळ चालू ठेवू नये. उपलब्ध पाणी त्वरित साठवून काटकसरीने वापरावे.’

म्हणजे औषधाचं पहिलं पाणी त्वरित साठवावं आणि काटकसरीने, पुरवून पुरवून, प्यावं.

गंमत अशी, की या चौघांपैकी एकही माणूस मूर्ख नव्हता. एकाचीही सूचना तशी बघितली तर चुकीची नव्हती. प्रत्येकाने मजकूर फार तर वीतभर हलवला. पण प्रत्येकाने मोजलं ते आदल्याच्या जागेपासून, मूळ जागेपासून नाही. खरा घात झाला तो मात्र खजिनदारांच्या वेळी. सूचना राहिली आणि तिचं कारण गेलं. कारण गेलेली सूचना पोरकी असते. पुढच्या वाचकाला ती वेडगळ दिसते, आणि सज्जन वाचक वेडगळ वाक्य दिसलं की ते सुधारायला जातो. काकांनी चूक केली नाही हो, त्यांनी त्यांच्यापुढे होती ती चूक दुरुस्त केली.

अण्णा सकाळी दूध आणायला उतरले, फळ्यापुढे थांबले. त्यांनी नोटीस एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि पेन्सिलीने खाली लहान अक्षरात लिहिलं : ‘मी हे वाचून रविवारी २ वाजता पिण्याचे पाणी भरणार आहे. हेच अपेक्षित आहे काय? – ४०१’

एवढंच. ‘चूक’ असा शब्द नाही, उद्गारचिन्ह नाही. मला वाटतं, मजकुरावर अभिप्राय कसा द्यावा याचा याहून बरा नमुना मी पाहिलेला नाही. मजकूर कसा आहे ते अण्णांनी सांगितलंच नाही. तो वाचून आपण काय करणार आहोत ते सांगितलं. ‘संदिग्ध आहे’ म्हटलं असतं तर सचिव वाद घालत बसले असते. ‘मी हे पाणी पिणार आहे’ म्हटल्यावर सचिव चप्पल न घालता चौथ्या मजल्यावर आले.

मी तेव्हा अण्णांकडे पेपर वाचायला गेलो होतो, त्यामुळे पुढचा सगळा प्रकार समोर घडला.

अण्णांनी सचिवांना चहा दिला आणि फळ्यावरच्या नोटिशीबद्दल एक शब्दही न काढता विचारलं, “पहिला कागद कुठाय?”

“तो टाकला. तो कच्चा होता.”

“कच्चा होता म्हणूनच हवा. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते तुम्ही तेव्हाच सांगितलं असणार. नंतर तुम्ही इतरांना काय आवडेल ते सांगायला लागलात.”

नशिबाने सचिवांनी त्या बिलाचा फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाकलेला होता. त्याच्याखाली चेअरमनसाहेबांचा नमस्काराचा हात होता, तेवढ्यावरून तो सापडला. अण्णांनी तो वहीच्या कागदावर जसाच्या तसा, ‘पण’ आणि ‘पण’सकट, उतरवून घेतला. मग एक कोरी चिठ्ठी काढून सचिवांपुढे ठेवली. “आता नोटीस विसरा. रविवारी लोकांनी नेमकं काय करायला हवं? बोला. मी लिहितो.”

सचिवांनी सांगितलं : शनिवारी पाणी भरावं. दोनच्या सुमारास येईल, पण नक्की धरून बसू नये. पहिलं पाणी पिऊ नये, कारण औषध. अण्णांनी लिहिलं, वाचून दाखवलं, “हेच?” विचारलं. सचिव “हेच” म्हणाले. मग अण्णांनी त्यांची त्या चिठ्ठीवर सही घेतली. बँकेतल्या माणसाला सही म्हटली की जरा गांभीर्य येतं. ती चिठ्ठी मसुद्याला टाचणीने लावली गेली. यापुढे जो मसुदा होईल तो आदल्या मसुद्याशी नव्हे, या चिठ्ठीशी ताडून बघायचा, असा नियम सांगण्यात आला.

त्यानंतर अण्णांनी पेन्सिल घेतली. मला वाटलं, आता खोडाखोड. पण अण्णा खोडत नाहीत. ते टिंबं देतात. प्रुफात एखादा शब्द चुकून खोडला गेला आणि तो परत हवा असला, तर त्याच्याखाली टिंबांची रांग द्यायची आणि समासात ‘स्टेट’ लिहायचं, ही छापखान्यातली जुनी खूण. जसं आहे तसं राहू दे, असा तिचा हुकूम. बाकीचे लोक ही खूण शेवटी वापरतात, खोडून झाल्यावर पश्चात्ताप झाला तर. अण्णा ती आधी वापरतात, कुणी खोडायच्या आत. सचिवांच्या पहिल्या मसुद्यात त्यांनी चारच ठिकाणी टिंबं दिली. ‘९ पासून’च्या खाली. ‘साधारण’च्या खाली. ‘कारण औषध मारलेलं असतं’च्या खाली. आणि ‘बादलीत धरून’च्या खाली.

“एवढं मरता कामा नये,” ते म्हणाले. “बाकीचं तुम्हाला हवं तसं नाचवा.”

या टिंबांच्या जागा कशा ठरवता, असं मी विचारलं. अण्णांना विचारलेलं आवडतं, पण आवडल्याचं ते दाखवत नाहीत. पुनर्लेखनात मोठे शब्द मरत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण. ‘पाणी’, ‘टाकी’, ‘रविवार’ यांना कुणी हात लावत नाही. मरतात ते बारके : ‘साधारण’, ‘फक्त’, ‘सोडून’, ‘तर’, ‘कारण’. वाक्य गुळगुळीत करायला घेतलं की हेच आधी घासून जातात, आणि मजकुराचा अर्थ नेमका त्यांच्याच खांद्यावर असतो. ‘साधारण दोनला’ आणि ‘दोनला’ यांत एकाच शब्दाचा फरक आहे, पण दुसऱ्या वाक्यानंतर दोन वाजून पाच मिनिटांनी सचिवांच्या फोनवर अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं असतात. म्हणून नवा मसुदा हातात आला की अण्णा तो आधी वाचतच नाहीत. जुन्यातल्या टिंबांवर डावं बोट ठेवतात आणि नव्यात उजव्या बोटाने तो तो शब्द शोधतात. सापडला की पुढे. नाही सापडला की बोट तसंच ठेवून वर बघतात. ते बघणं फार वाईट असतं.

आता चौघांचे अभिप्राय राहिले होते. सचिव म्हणाले, “ते सोडून देऊ या.” अण्णांना ते पटलं नाही. वाचताना माणूस अडखळला म्हणजे तिथे काहीतरी असतंच. फक्त काय आहे ते त्याला सांगता येत नाही, म्हणून तो उपाय सांगतो. दुखणं विचारावं, औषध त्याला विचारू नये. हे सांगून ते उठले आणि पेन्सिल कानाला लावून थेट चेअरमनसाहेबांच्या दारात. मागे सचिव, त्यांच्या मागे मी.

“भारदस्त हवी म्हणालात. कोणत्या शब्दापाशी असं वाटलं?”

चेअरमनसाहेब बरेच आढेवेढे घेत म्हणाले, “नाही म्हणजे… तो शेवटचा शब्द. संडास. फळ्यावर बरं दिसत नाही. पाहुणे येतात.”

म्हणजे बघा. अडचण एका शब्दाची होती आणि तिच्यापायी अख्ख्या नोटिशीला फेटा बांधला गेला होता. अण्णांनी समासात लिहिलं, ‘संडास – दुसरा शब्द’, आणि जिना उतरले.

खजिनदारांना विचारलं, “कुठे लांबण वाटली?” त्यांनी विचार केला आणि खरं सांगितलं, की त्यांना फक्त वार आणि वेळ हवी होती आणि ती शोधायला सगळं वाचावं लागलं. म्हणजे मजकूर लांब नव्हता; हवी ती गोष्ट वर नव्हती. कापायचं काहीच नव्हतं, फक्त हलवायचं होतं. बी विंगमधल्या बाई तर चक्क हसल्या. म्हणाल्या, “मला तसं काहीच खटकलं नव्हतं. पण कागद मुद्दाम घरी आणून दिला, तर काही न सांगता परत कसा द्यायचा?” अण्णांनी वहीत त्यांच्या नावापुढे पूज्य लिहिलं आणि त्यांना वाकून नमस्कार केला. अभिप्राय देणाऱ्यांत एवढा प्रामाणिकपणा दुर्मिळ, असं ते नंतर बराच वेळ म्हणत होते.

पर्यावरणवाले काका तयारीतच होते. दहा मिनिटांत एका नळातून किती बादल्या जातात याचं गणित ते मांडायला लागले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि पहिल्या मसुद्यातलं बादलीचं वाक्य त्यांच्यापुढे धरलं. काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. “हे आधी होतं? मग काढलं कुणी?” त्यांच्या शंकेचं उत्तर त्यांना शंका यायच्या तीन मसुदे आधीच लिहिलेलं होतं. त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत ते कापलं गेलं, एवढंच.

परत आल्यावर सचिव मोठ्या आशेने म्हणाले, “अण्णा, आता तुम्हीच लिहून टाका की. पाच ओळी तर आहेत.”

अण्णांनी साफ नकार दिला. अडखळणाऱ्या जागा दाखवल्या होत्या, राखायच्या जागांखाली टिंबं होती, का ते सांगितलं होतं. वाक्य त्यांनी दिलं असतं तर सचिवांनी ते तसंच चिकटवलं असतं, न समजता. आणि पुढच्या खेपेला कुणी त्यात बोट घातलं असतं तर ते का वाचवायचं हे सचिवांना सांगता आलं नसतं. सचिव कुरकुरत घरी गेले. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं, की म्हाताऱ्याने लिहून दिलं असतं तर काय त्याची पेन्सिल झिजली असती? दोन दिवसांवर रविवार आलेला. पण हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

संध्याकाळी सचिव दुसरा मसुदा घेऊन आले. वार आणि वेळ वर, टिंबं सगळी जिवंत, ‘संडासा’च्या जागी ‘फ्लश’. माझ्या मते काम झालं होतं. अण्णांनी बोटं फिरवली, मान हलवली आणि कागद घेऊन खाली वॉचमनच्या केबिनशी गेले. तिथे तळमजल्यावर भाड्याने राहणारा इंजिनीअरिंगचा मुलगा गाडी पुसत होता. त्याने आधीची नोटीस वाचलेली नव्हती. त्याने सोसायटीची कुठलीच नोटीस कधी वाचलेली नव्हती. अण्णांना असाच माणूस हवा होता. आपल्याला मजकूर पाठ झाला की कागदावर नसलेलंही आपल्याला दिसायला लागतं. म्हणून शेवटी असा वाचक लागतो, ज्याला कागदाबाहेरचं काही ठाऊक नाही. मुलाला एकदा वाचायला दिलं, कागद काढून घेतला आणि विचारलं, “रविवारी तू काय करशील?”

“शनिवारी पाणी भरीन. रविवारी दोनला पाणी येईल. मग दहा मिनिटं प्यायचं नाही. औषध असतं.”

सचिव खूश. अण्णा नाहीत. “दोनला येईल?”

“हो, लिहिलंय ना.”

लिहिलं होतं ‘साधारण दोनपर्यंत’. शब्द कागदावर होता, टिंबांसकट. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात पोचलाच नव्हता. इथे मला अण्णांच्या टिंबांची मर्यादा कळली. शब्द राखला म्हणजे अर्थ राखला जातोच असं नाही. अण्णांनी सचिवांना एवढंच सांगितलं, “तो दोन घेऊन गेला. साधारण इथेच पडलं.” सचिव तिथेच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून विचार करायला लागले. मग त्यांनी ते वाक्य सबंध खोडलं, ‘साधारण’सकट, आणि नवं लिहिलं : ‘दुपारी २ च्या आधी पाणी येणार नाही, खालची टाकी हळू भरली तर ४ सुद्धा वाजतील.’ अण्णांचा राखीव शब्द गेला आणि त्याचा अर्थ राहिला. मला वाटलं, आता अण्णा भडकणार. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, ‘नक्की धरून बसू नये’ यावर बोट ठेवलं, नव्या वाक्यावर दुसरं बोट ठेवलं आणि म्हणाले, “हं.” त्या ‘हं’साठी सचिवांनी नंतर चौघांना फोन केला.

एवढ्यात प्लंबर आला आणि त्याने सहज विचारलं, “फिल्टर मशीन बंद ठेवायला लिहिलंय ना? पहिलं पाणी गाळ घेऊन येतं, मशीन चोंदतं.” सचिव लगेच शेवटी एक ओळ घालायला निघाले. अण्णांनी त्यांचा हात धरला. ही मसुद्याची सुधारणा नव्हती, मूळ म्हणण्यातच भर होती. म्हणून आधी चिठ्ठी बदलली गेली; चौथी गोष्ट लिहिली, तारीख घातली, सचिवांनी पुन्हा सही केली, आणि मग ती ओळ नोटिशीत आली. अर्थ बदलायला अण्णांची हरकत नसते. तो कुणाच्या नकळत बदलायला हरकत असते. फळ्यावर शेवटी लागलं ते हे :

‘रविवारी सकाळी ९ पासून पाणी बंद. दोन्ही टाक्या धुवायच्या आहेत. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. दुपारी २ च्या आधी पाणी येणार नाही. खालची टाकी हळू भरली तर ४ सुद्धा वाजतील. पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं ते पिऊ नका आणि स्वयंपाकाला घेऊ नका, कारण टाकीत औषध मारलेलं असतं. ते पाणी बादलीत धरा आणि फ्लशला वापरा. तेवढा वेळ फिल्टर मशीन बंद ठेवा.’

रविवारी पाणी सव्वातीनला आलं. सचिवांना दोनच फोन आले. एक पर्यावरणवाल्या काकांचा, किती बादल्या वाचल्या ते सांगायला. आणि एक चेअरमनसाहेबांचा, की नोटीस जरा भारदस्त करता आली असती.

या यशाने सचिव इतके हुरळले, की पुढच्या महिन्यात वार्षिक अहवालाचा मसुदा घेऊन तेच आपण होऊन अण्णांकडे गेले. अहवाल अकरा पानांचा. अण्णांनी तो हातात घेतला नाही, आधी चिठ्ठी काढली. “एका ओळीत सांगा. काय म्हणायचंय?”

सचिवांनी दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. “दुरुस्ती निधीत पैसे उरलेले नाहीत. वर्गणी वाढवावी लागणार.”

अण्णांनी लिहून घेतलं, सही घेतली आणि मग अकराही पानं वाचली. तास गेला. काकूंनी दोनदा चहा दिला. शेवटचं पान उलटून अण्णा म्हणाले, “सचिवसाहेब, ही चिठ्ठीवरची गोष्ट यात कुठेच नाही.”

“नाहीच आहे,” सचिव म्हणाले. “सभेपर्यंत ती कुणाला सापडता कामा नये, म्हणून तर अकरा पानं लिहिली.”

अण्णांनी अहवालाची पानं सरळ केली, चिठ्ठी वर टाचली आणि कागद परत दिला. “मग यात सुधारण्यासारखं काही नाही.”

सचिव खाली येऊन सगळ्यांना सांगत सुटले, की अण्णांनी पहिल्यांदाच एक मसुदा जसाच्या तसा पास केला. त्या भरात चिठ्ठी काढायची राहिली, आणि अहवाल तसाच, तिच्यासकट, झेरॉक्सला गेला. अठ्ठेचाळीस प्रती.